मागच्या जोडीतला आतला टायर वारंवार फुटतो: नायलॉन आणि रेडियल एकत्र बसवल्याची लक्षणे, तपासणी आणि दुरुस्ती

नाशिकमधल्या अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या बसगाड्यांच्या बाबतीत उन्हाळा लागला की एक तक्रार ठरल्यासारखी कानावर येते. मागच्या चाकांच्या जोडीतला आतला टायर फुटतो, त्याजागी दुसरा टाकला की तोही काही महिन्यांत खांद्यापाशी सुटू लागतो, आणि त्याच्याच शेजारी फिरणारा बाहेरचा टायर मात्र धडधाकट राहतो. मालक आधी टायरच्या कंपनीला दोष देतो, मग रस्त्याला, आणि शेवटी ड्रायव्हरला. या तिन्हींत तथ्य असू शकते. पण एकाच गाडीच्या एकाच जागी तोच बिघाड परत परत होत असेल, तर त्या जागेवर शेजारी शेजारी कोणत्या बांधणीचे टायर बसले आहेत हे सर्वांत आधी पाहावे, असे माझे मत आहे. फार वेळा बाहेर रेडियल आणि आत नायलॉन अशी जोडी सापडते.

ज्याला आपल्याकडे सरसकट नायलॉन टायर म्हणतात तो तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या थरांचा टायर होय. ही जोडी बहुधा जाणूनबुजून लावलेली नसते. वाटेत रेडियल कापला जातो, स्टेपनी जुनी नायलॉनची असते, ती आत चढवली जाते आणि गाडी धावते आहे म्हणून तशीच राहून जाते.

टायर ओळखावा कसा

टायरच्या बाजूवर माप लिहिलेले असते. मोठ्या बसचे जुने, ट्यूबचे माप घेतले तर नायलॉनच्या टायरवर ते १०.००-२० असे, म्हणजे दोन आकड्यांच्या मध्ये आडवी रेघ देऊन लिहिलेले असते. रेडियलवर त्याच जागी रेघेऐवजी इंग्रजी आर हे अक्षर असते. मोटारीच्या १८५/६५ आर १५ या मापातला आर तोच. पुष्कळांना वाटते की तो रिमच्या त्रिज्येचा किंवा रिमचाच आर आहे. तसे नाही, तो बांधणी सांगतो, आणि त्याच्यापुढचा १५ हा रिमचा इंचांतला व्यास असतो. याशिवाय रेडियलच्या बाजूवर नक्षीखाली किती थर आणि बाजूच्या भिंतीत किती थर हे वेगवेगळे लिहिलेले आढळते, आणि बसच्या रेडियलमध्ये ते पोलादाचे असतात.

रिमोल्ड केलेल्या, म्हणजे जुन्या सांगाड्यावर नवी नक्षी चढवलेल्या टायरवर फसगत होते, कारण वरची नक्षी नवी असते आणि रेडियलला शोभेल अशीही असू शकते. नक्षीवरून कधीच ठरवू नये. जोडीतल्या आतल्या टायरच्या बाजूवरचे माप वाचण्यासाठी बाहेरचे चाक उतरवावे लागते किंवा गाडीखाली बॅटरी घेऊन आडवे व्हावे लागते, आणि हा कंटाळा हेच दुखणे दीर्घकाळ लपून राहण्याचे मोठे कारण आहे.

आत काय फरक असतो

नायलॉनच्या टायरात दोऱ्यांचे थर एका काठाच्या तारेपासून दुसऱ्या काठाच्या तारेपर्यंत तिरपे जातात, साधारण ३० ते ४० अंशांत, आणि प्रत्येक थर खालच्या थराला उलट्या दिशेने छेदतो. नवारीने विणलेल्या खाटेच्या एका कोपऱ्यावर बसले की सगळी वीण ओढली जाते, तसेच येथे होते: बाजूची भिंत वाकली की तिच्याबरोबर रस्त्याला टेकलेली नक्षीही हलते, आक्रसते आणि घासते. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात हे थर एकमेकांवर कातरीसारखे सरकतात आणि त्यांच्यामधल्या रबरात उष्णता तयार होते. भार पेलण्यासाठी थर वाढवले की टायर जाड होतो, आणि जाड टायरातली उष्णता बाहेर पडायला आणखी वेळ लागतो. ही उष्णता सर्वांत जास्त साचते ती खांद्यात, म्हणजे नक्षी आणि बाजू जिथे मिळतात तिथे, कारण रबर तिथेच सर्वांत जाड असते.

रेडियलमध्ये भिंतीचे आणि नक्षीचे काम वेगळे केलेले आहे. मुख्य दोरे काठापासून काठापर्यंत सरळ आडवे, म्हणजे चाकाच्या फिरण्याच्या दिशेला काटकोनात जातात; ते एकमेकांना छेदत नाहीत, म्हणून बाजूची भिंत पातळ आणि लवचीक राहते. नक्षीच्या खाली मात्र पोलादी तारांचे पट्टे अगदी कमी कोनात टायरभोवती गुंडाळलेले असतात, आणि ते नक्षीला ताणून सपाट धरून ठेवतात. परिणामी भिंत भरपूर वाकते, पण नक्षी रस्त्यावर जवळजवळ न हलता टेकते आणि उचलली जाते. घासणे कमी म्हणून झीज कमी, थरांची ओढाताण कमी म्हणून उष्णता आणि डिझेलचा खर्च कमी, आणि वळणावर भिंत कलली तरी नक्षीची पूर्ण रुंदी रस्त्यावर राहते म्हणून पकड चांगली.

मिशलँ या फ्रेंच कंपनीने या बांधणीचे पेटंट १९४६ मध्ये घेतले आणि १९४९ मध्ये असा टायर बाजारात आणला. युरोपातल्या मोटारींनी तो लवकर स्वीकारला, अमेरिकेने मात्र १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाच्या हिशेबाने त्याच्याकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे मोटारींना आता रेडियलखेरीज टायर पाहायलाच मिळत नाही. ट्रक आणि बस मागाहून आले, कारण जादा भार, खडबडीत रस्ते आणि पहिल्या खरेदीची किंमत हे तिन्ही मुद्दे नायलॉनच्या बाजूचे होते. लांबच्या मार्गावर सलग वेगाने चालणाऱ्या बसला ते मुद्दे आता फारसे लागू पडत नाहीत. समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या, न थांबता तासन्‌तास चालवता येणाऱ्या रस्त्यावर तर टायरला गार व्हायला उसंतच मिळत नाही, आणि तिथे कमी तापणे हाच टायरचा पहिला गुण ठरतो.

मग जोडीत दोन्ही एकत्र का चालत नाहीत

जोडीतली दोन चाके एकाच हबला आवळलेली असतात. त्यांना एकाच गतीने फिरावे लागते आणि एकाच उंचीवर राहावे लागते. एकाने थोडे दबावे आणि दुसऱ्याने दबू नये अशी मोकळीक त्यांना नाही. तेवढ्याच हवेत आणि तेवढ्याच भाराखाली रेडियलची भिंत नायलॉनपेक्षा जास्त दबते. शेजारी ताठ नायलॉन उभा असेल, तर रेडियलला पुरेसे दबताच येत नाही आणि त्याच्या वाट्याचा भार नायलॉनवर जातो.

याचा ढोबळ हिशेब करून पाहू. मागच्या आसावर प्रवासी आणि सामान धरून ९,००० किलो भार आहे असे समजा. प्रत्येक जोडीवर ४,५०० किलो, आणि दोन्ही टायर सारखे असतील तर प्रत्येकावर २,२५० किलो येतात. या मापाच्या टायरवर भाराचा निर्देशांक १४६/१४३ असा छापलेला असेल, तर त्याचा अर्थ एकट्याने बसवल्यास ३,००० किलो आणि जोडीत बसवल्यास २,७२५ किलो एवढी त्याची मर्यादा आहे. म्हणजे सारख्या वाटणीत प्रत्येक टायरला जवळजवळ पावणेपाचशे किलोंची सवड उरते. हीच वाटणी ६० आणि ४० टक्क्यांची झाली की नायलॉनवर २,७०० किलो येतात आणि ती सवड संपते. त्यातच आतल्या टायरची हवा थोडी कमी असेल, तर छापलेली मर्यादाही लागू राहत नाही, कारण ती पूर्ण हवेसाठी असते.

आतली जागा तशीही वाईट. रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आतल्या टायरवर भार थोडा अधिक येतो. शेजारी ब्रेकचा ड्रम तापलेला असतो. वारा कमी लागतो. आणि हवा तपासायला हात पोहोचत नाही. म्हणून हीच जोडी उलटी बसवली, म्हणजे नायलॉन बाहेर ठेवला, तर तो उशिरा फुटतो. त्यामुळे दुखणे बरे झाल्याचा भास होतो, पण बाहेर दिसणारा तोही खांद्यातूनच सुटतो.

दुसरी अडचण घेराची आहे. रेडियलचा घेर पोलादी पट्ट्यांनी बांधलेला असतो आणि वापरात फारसा वाढत नाही. नायलॉनचा टायर चालू लागल्यावर थोडा फुगून मोठा होतो, त्यामुळे बसवताना जुळलेले माप पुढे जुळलेले राहत नाही. घेर वेगळे असले तरी दोघांना फेरे सारखेच मारायचे असतात, म्हणून त्यातल्या एकाला रस्त्यावर सतत थोडे घसटत जावे लागते.

एक गाडी उदाहरणादाखल

एका कंत्राटी बसची गोष्ट येथे सविस्तर देतो. आठवडाभर नाशिकरोडहून अंबडला कामगार, आणि रविवारी मिळेल ती सहल: कधी कसारा घाट उतरून मुंबई, कधी सप्तशृंगी गड. डाव्या मागच्या जोडीतला आतला टायर उन्हाळ्यात फुटला. दुसरा टाकला, त्याचा खांदा सुटून पट्टीसारखे रबर निघाले. दरम्यान अलाइनमेंट झाली होती, पाटे पाहून झाले होते, आणि फिटरने रस्त्यावरच्या खड्ड्यांवर ठपका ठेवून विषय मिटवला होता.

तपासणीची सुरुवात चुकीची कारणे बाजूला सारण्यापासून केली पाहिजे. पहिला संशय ब्रेक धरून ठेवण्याचा. ब्रेक घासत असेल तर ड्रम आणि रिम तापतात, उष्णता काठाकडून टायरात जाते आणि जोडीतले दोन्ही टायर रिमपाशी गरम लागतात. या बसमध्ये घोटीला थांबल्यावर तापमापक बंदुकीने पाहिले, तेव्हा दोन्ही बाजूंचे ड्रम सारखेच कोमट होते. बाहेरच्या टायरचा खांदा ५८ अंश सेल्सिअस होता आणि आतल्याचा ८१. रिमपाशी फरक किरकोळ आणि खांद्यात २३ अंशांचा फरक, म्हणजे उष्णता टायरच्याच पोटात तयार होत होती. बंदूक नसेल तर तळहाताच्या मागच्या बाजूने दोन्ही खांद्यांना क्षणभर स्पर्श करून तुलना करता येते. आकडा कळला नाही तरी फरक लगेच कळतो. ड्रमला मात्र तसा हात लावू नये.

दुसरा संशय हवेचा. आतल्या टायरच्या वाल्वला जोडलेली लांब नळी गळत असेल, तर तो टायर कायम मऊ राहतो आणि लक्षणे अशीच दिसतात. साबणाच्या पाण्याने नळीचे दोन्ही सांधे पाहिले, बुडबुडे आले नाहीत, आणि सकाळी गाडी हलवण्यापूर्वी दोन्हींत ११० पीएसआय हवा निघाली. तिसरा संशय दोन टायर एकमेकांना घासण्याचा. रेडियल भाराखाली बाजूला जास्त फुगतो, त्यामुळे रिम अरुंद असेल किंवा दोन रिममधले अंतर कमी असेल, तर समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चाटतात आणि तिथे गुळगुळीत, चकाकणारा पट्टा दिसतो. तसा पट्टा नव्हता.

मग बाहेरचे चाक उतरवून बाजू वाचली. बाहेर रेडियल, आत रिमोल्ड केलेला नायलॉन. नक्षी दोघांची सारखी दिसत होती, म्हणून आजवर कोणाला शंका आली नव्हती. दोन्ही चाके उतरवून, पूर्ण हवा ठेवून, शिंप्याच्या फीतीने नक्षीच्या मध्यावरून घेर मोजला. रेडियलचा घेर ३,२६७ मिलिमीटर भरला आणि नायलॉनचा ३,३१०. फरक ४३ मिलिमीटर. घेराला ३.१४ ने भागले की व्यासातला फरक मिळतो, आणि तो येथे सुमारे १४ मिलिमीटर निघाला. ९.०० आणि त्याहून मोठ्या मापांच्या जोडीत व्यासाचा फरक १२ मिलिमीटरच्या आत असावा, आणि ८.२५ व त्याहून लहान मापांत ६ मिलिमीटरच्या आत, असा सर्वसाधारण दंडक आहे. एका किलोमीटरात असे चाक सुमारे ३०४ फेरे घेते. प्रत्येक फेऱ्यात ४३ मिलिमीटर धरले तर किलोमीटरमागे जवळजवळ १३ मीटर घसटण्याचा हिशेब येतो. हा मोकळ्या घेराचा हिशेब आहे, भाराखाली आकडा बदलतो. पण शंभर किलोमीटरच्या प्रवासात रबरावर काय प्रसंग ओढवतो याची कल्पना त्यावरून यावी.

फिटरने येथे एक उपाय सुचवला, तो अनेक ठिकाणी सुचवला जातो म्हणून त्याची दखल घेतो. त्याचे म्हणणे असे की थोडा झिजलेला नायलॉन शोधून घेर जुळवून द्यावा. मोकळ्या मापात घेर तंतोतंत जुळला तरी भार पडताच रेडियल जास्त दबणार आणि नायलॉन ताठ राहणार. घेर जुळवल्याने घसटणे थोडे कमी होईल, भाराची वाटणी सुधारणार नाही. नायलॉनमध्ये हवा कमी ठेवून तो रेडियलइतका मऊ करण्याचा सल्ला तर सरळ धोकादायक आहे, कारण कमी हवेतला नायलॉन अधिकच तापतो.

काय केले

मागच्या आसावर चार टायर, त्यांतले तीन रेडियल आणि एक नायलॉन. एक नवा रेडियल आणून आत टाकणे हा सोपा उपाय वाटतो, पण नव्या टायरची नक्षी १५ मिलिमीटर आणि शेजारच्या जुन्याची ८ मिलिमीटर असेल, तर दोन्ही बाजूंचा मिळून व्यासातला फरक पुन्हा १४ मिलिमीटर होतो आणि बांधणी सारखी असूनही जोडी बेमेळ राहते. म्हणून आधी गाडीच्या सगळ्या टायरांच्या नक्षीची खोली मोजली. पुढचे दोन्ही रेडियल ९ मिलिमीटरवर होते, डावा मागचा बाहेरचा ८ वर, उजवी जोडी ७ आणि साडेसातवर.

त्यावरून मांडणी अशी ठरली की दोन नवे रेडियल घेऊन ते पुढे बसवावेत, पुढच्या दोन जुन्यांपैकी एक डाव्या मागच्या जोडीत घालावा आणि दुसरा स्टेपनी म्हणून ठेवावा. त्यामुळे डाव्या जोडीत ९ आणि ८ मिलिमीटरचे टायर आले, म्हणजे व्यासात २ मिलिमीटरचा फरक. फरक थोडा असला तरी मोठा टायर बाहेर आणि लहान आत ठेवला, कारण आतल्यावर रस्त्याच्या उंचवट्यामुळे आधीच जास्त भार असतो. खर्च दोनच टायरांचा झाला आणि स्टेपनीही रेडियलची झाली. माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट ही स्टेपनीच, कारण मुळात नायलॉन जोडीत शिरला होता तो तिच्यामार्गेच.

टायर हलवताना ट्यूब आणि ट्यूब व रिम यांच्यामधला रबरी फ्लॅप असे दोन्ही बदलले. हा खर्च वाचवण्याकडे कल असतो, परंतु नायलॉनसाठी बनवलेली ट्यूब रेडियलमध्ये टिकत नाही. भिंत सतत जास्त वाकत असल्यामुळे ट्यूबला घड्या पडतात आणि त्या घड्यांवर ती चिरते. रेडियलसाठीच्या ट्यूबवर तसे छापलेले असते. जुनी ताणलेली ट्यूब पुन्हा घालणेही टाळावे, कारण ती आत दुमडून बसते.

सगळे टायर एकदम बदलणे शक्य नसेल, तर निदान एका आसावर तरी एकच बांधणी ठेवावी. आणि तात्पुरते दोन आसांवर दोन प्रकार ठेवावेच लागले, तर रेडियल मागे आणि नायलॉन पुढे. उलट केले, म्हणजे पुढे रेडियलची पकड आणि मागे नायलॉनची, तर वळणावर मागचा भाग आधी सुटतो, आणि ओल्या घाटात हे सावरणे सरावलेल्या ड्रायव्हरलाही जड जाते.

हवेबद्दलचे दोन गैरसमज

बांधणी जुळवल्यानंतरही टायर पुन्हा खराब होण्याचे कारण बहुतेक वेळा हवेत सापडते, म्हणून येथे थोडे थांबावेसे वाटते.

पहिला गैरसमज डोळ्यांचा आहे. पूर्ण हवा असलेला रेडियल जमिनीपाशी थोडा पोट सुटल्यासारखा दिसतो, कारण त्याची भिंत मुळातच लवचीक असते. नायलॉनवर नजर बसलेला हवा भरणारा माणूस तो बसलेला समजून आणखी हवा मारतो, आणि काही महिन्यांत नक्षी मध्ये झिजून दोन्ही कडांना उंच राहते. नायलॉनचे नेमके उलट: हवा बरीच उतरली तरी तो ताठ दिसतो, हातोडीने ठोकून पाहिल्यावरही फारसे कळत नाही, आणि तोवर खांदा शिजलेला असतो. दोन्हींवर उपाय एकच, खात्रीचे गेज, आणि गाडी हलवण्यापूर्वी थंड टायरात मोजलेली हवा. किती भरावी हा आकडा गाडीच्या पुस्तिकेतला आणि टायर बनवणाऱ्याच्या भारानुसार दिलेल्या तक्त्यातला घ्यावा. नायलॉनसाठी पाठ झालेला आकडा रेडियलला बहुधा कमी पडतो.

दुसरा गैरसमज घाटातला आहे. इगतपुरीपर्यंत गाडी चढून आली की सकाळी ११० भरलेली हवा १२२ दाखवते, आणि काही ड्रायव्हर टायर फुटेल या धास्तीने ती सोडून पुन्हा ११० करतात. टायरमधली हवा सुमारे ३० अंशांनी तापली की दाब एवढा वाढतोच, आणि टायर बनवताना ही वाढ धरलेली असते. सोडलेली हवा परत येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरात साधारण ९८ ते ९९ उरतात. कमी हवेमुळे भिंत जास्त वाकते, टायर आणखी तापतो, दाब पुन्हा चढलेला दिसतो आणि पुन्हा हवा सोडली जाते. गरम टायरातली हवा कधीही सोडू नये. वाढ एका टायरात इतरांहून बरीच जास्त दिसली, तर तो हवा सोडण्याचा नव्हे, गाडी बाजूला घेऊन कारण शोधण्याचा इशारा आहे.

रेडियलच्या मर्यादा

रेडियल घेतला की सगळे प्रश्न मिटतात, असे मात्र नाही. त्याची बाजूची भिंत पातळ असते, आणि खडीच्या खाणीतल्या धारदार दगडांवर किंवा फुटपाथच्या कडेला घासून ती नायलॉनपेक्षा लवकर कापली जाते. म्हणून खाणीत चालणारी वाहने किंवा द्राक्षाच्या हंगामात पिंपळगावला क्रेट वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या नायलॉनवरच असतील, तर त्यात मला गैर वाटत नाही. त्यांचा वेग कमी, अंतर थोडे, भार बेहिशेबी आणि रस्ता शेतातला. तिथे रेडियलचे गुण वापरलेच जात नाहीत.

दुसरी मर्यादा जिवावर बेतणारी आहे. हवा फार उतरलेल्या स्थितीत पोलादी रेडियल चालवला गेला, तर भिंतीतल्या तारा वाकून वाकून आतून तुटत जातात आणि बाहेरून काहीही दिसत नाही. मग पंक्चर काढून हवा भरताना ती भिंत चेन उघडावी तशी एका रेषेत फाटते. सांगितलेल्या हवेच्या ८० टक्क्यांहून कमी हवेवर चाललेला टायर तसाच फुगवू नये; तो रिमवरून काढून आतून हात फिरवून पाहावा. मऊ पडलेली जागा, सुरकुत्या, रंग उडालेला पट्टा किंवा टोचणारी तार लागली की तो टायर बाद करावा. फुगवताना लोखंडी पिंजरा वापरावा, हवेच्या नळीला लांबून चालणारी क्लिप असावी आणि माणसाने टायरच्या बाजूसमोर उभे राहू नये. टायरला रिमवर धरून ठेवणारी सुटी लॉक रिंग असलेल्या रिमला हे दुप्पट लागू आहे. द्वारका ते आडगाव या पट्ट्यातल्या कितीतरी दुकानांत पिंजरा कोपऱ्यात धूळ खात पडलेला दिसतो. अशा वेळी तो बाहेर काढायला लावण्याचा आग्रह गिऱ्हाइकानेच धरावा.

दुरुस्ती झाली हे कसे ओळखावे

चाके बसवल्यावर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा ठरलेल्या ताकदीने आवळावेत, कारण रिम बसल्या जागी थोडे दबतात आणि नट सैल होतात. त्यानंतर पूर्ण भरलेल्या गाडीने नेहमीच्याच मार्गावर एक फेरी करून, नेहमीच्याच थांब्यावर दोन्ही खांद्यांचे तापमान पाहावे. वर सांगितलेल्या बसमध्ये याच पद्धतीने घोटीला पाहिले, तेव्हा आतला ६३ आणि बाहेरचा ५९ अंश निघाला. आतला चार-पाच अंशांनी जास्त असणे हे त्याच्या जागेमुळे साहजिक आहे. फरक दहा अंशांच्या वर राहिला, तर मी पुन्हा वाल्वच्या नळीपासून सुरुवात करीन आणि मग ब्रेकच्या लायनिंगकडे वळेन.

महिन्याभराने दोन्ही टायरांची नक्षी आतल्या कडेला, मध्यावर आणि बाहेरच्या कडेला अशी तीन ठिकाणी मोजावी. दोघांची झीज बरोबरीने होत असेल, तर भार बरोबर वाटला जात आहे. एकाची नक्षी दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे लवकर उतरत असेल किंवा खांद्यावर बोटाला करवतीसारखे दात लागत असतील, तर जोडीत अजून घसटणे चालू आहे, आणि दोन्ही चाके उतरवून घेर पुन्हा मोजावे लागतील. त्या बसमधून काढलेला नायलॉन एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी विकला गेला, आणि मालकाने स्टेपनीच्या डिस्कवर पांढऱ्या रंगाने ठळक अक्षरांत ‘रेडियल’ असे लिहून घेतले आहे.